खोली भाड्याने देणे आहे

आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. मुलगी लग्न होऊन बडोद्यास गेली तेव्हापासून ती रिकामी झाली आणि गेली काही वर्षे आम्ही ती विद्यार्थ्यांना भाड्याने देत आलो. इंदूरचा भंवरकुआँ परिसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की, तेथे खोलीला गिऱ्हाईक मिळण्याची चिंता सहसा नसते. विद्यापीठाचा खंडवा मार्गावरील परिसर जवळ, होळकर विज्ञान महाविद्यालय जवळ, आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी-वर्गांच्या पाट्या तर चौकाच्या चारही बाजूंना. जून-जुलै महिन्यांत खंडवा, बऱ्हाणपूर, धार, बडवानीकडील आईबाप मुलांचा हात धरून आणि डोक्यावर वळकटी घेऊन येथल्या गल्लीबोळांतून हिंडताना दिसतात.

असे असूनही आमच्या खोलीत भाडेकरू टिकत नसे. लागोपाठ तिघेजण चार-पाच महिन्यांतच सोडून गेले आणि प्रत्येक वेळी खोली दोन-तीन आठवडे रिकामी राहिली. आम्ही त्याचे खापर आजकालच्या मुलांच्या चंचल वृत्तीवर फोडून मोकळे झालो होतो. यंदा मात्र हे काम एखाद्या दलालाकडे द्यावे असे ठरले आणि आमचाच एक जुना विद्यार्थी आठवला. शाळेत असताना तो मागल्या बाकावर बसे, निबंधात त्याला कधी निम्म्याहून अधिक गुण मिळाले नाहीत. पण गेली बारा-तेरा वर्षे तो याच परिसरात खोल्या व घरे भाड्याने लावून देण्याचा व्यवसाय करीत आहे.

निरोप धाडण्यापूर्वी जाहिरातीचा मजकूर आम्हीच लिहून ठेवला. मराठीची उपाधी पदरी असताना चार ओळींसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे काय म्हणून पाहावे? आम्ही लिहिले होते : ‘हवेशीर व प्रशस्त खोली. सर्व सोयींनी युक्त. बसथांब्यालगत. शांत व घरगुती वातावरण. भाडे माफक.’ विद्यार्थ्याने कागद वाचला, खिशातून लेखणी काढली आणि अदबीने विचारले, “सर, खोडू का?” मग ‘हवेशीर’पासून ‘माफक’पर्यंत एकेक शब्द त्याने खोडला. “यातलं एकही विशेषण मोजता येत नाही, सर. गिऱ्हाइकाला जे मोजता येतं तेवढंच लिहायचं.” तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबडी शाई ओढणाऱ्या हाताला त्या क्षणी काय वाटले असेल, ते वाचकांनीच ताडावे.

तो आला होता मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता. आम्ही म्हटले, “अरे, संध्याकाळी तरी यायचेस.” त्यावर त्याचे उत्तर : “संध्याकाळी सगळ्याच खोल्या बऱ्या असतात, सर.” वर गेल्यावर त्याने फीत काढून लांबी-रुंदी मोजली. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. न्हाणीघरातील नळाखाली बादली ठेवून घड्याळ पाहिले. भिंतीला आणि छताला हात लावून पाहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, “हे आधीचे तिघे नेमके कोणत्या महिन्यात गेले?” आम्ही आठवून सांगितले : एक एप्रिलअखेर, दुसरा मे महिन्यात आणि तिसरा ऐन दिवाळीनंतर. तो काही बोलला नाही; त्याने फक्त छताकडे पाहिले. वर उघडी गच्ची आहे. दिवसभर तापलेली ती फरशी रात्री एक वाजेपर्यंत खालच्या खोलीत उष्णता ओतीत असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही ते कोणास सांगितले नव्हते, इतकेच.

दोन दिवसांनी त्याने लिहून आणलेला कागद असा होता :

‘खोली भाड्याने देणे आहे. भंवरकुआँ चौकाच्या आतील गल्लीत. दुसरा मजला, ३४ पायऱ्या, लिफ्ट नाही. खोली १० फूट बाय ११ फूट, पूर्वेस एक खिडकी. वर उघडी गच्ची असल्याने एप्रिल ते जून खोली फार तापते. कूलर भाडेकरूने आणावा, ठेवण्यास जागा व पाणी आहे. संडास-न्हाणीघर स्वतंत्र, पण खोलीबाहेर पडून सहा पावलांवर. गरम पाण्याची सोय नाही. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड सकाळी सुमारे तासभर. ते खालच्या नळावरून भरून न्यावे लागते. वापरास बोअरिंगचे पाणी, ते जड आहे. वरच्या नळाला १५ लिटरची बादली भरण्यास ३ मिनिटे लागतात. खाट, टेबल, खुर्ची, पंखा व एक कपाट मालकाचे. भाडे महिना ५,००० रुपये. अनामत ५,००० रुपये. ही भाड्यात वळती होत नाही, खोली सोडल्यावर १५ दिवसांत परत. त्यातून फक्त थकलेले भाडे, विजेची बाकी व मोडलेली वस्तू यांचे पैसे कापले जातील. रंगाचे कापले जाणार नाहीत. वीज वेगळ्या लहान मीटरवर, दर ८ रुपये युनिट. पाण्याचे व सफाईचे वेगळे पैसे नाहीत. चौकापर्यंत चालत ९ मिनिटे. चौकातून राजवाड्याकडे शहर बस. सरवटे बसस्थानक सुमारे ३ व रेल्वे स्थानक सुमारे ४ किलोमीटर. गल्लीत ई-रिक्षा रात्री नऊनंतर येत नाही. करार ११ महिन्यांचा; सोडताना एक महिना आधी सांगावे. दलाली : भाडेकरूकडून १५ दिवसांचे भाडे आणि मालकाकडूनही तेवढेच, खोली दाखविण्याचे पैसे नाहीत. खोली लागली की हा कागद काढून घेतला जाईल.’

आमच्या सौभाग्यवतींनी हा मजकूर ऐकला आणि त्या म्हणाल्या, “अरे, ही जाहिरात आहे की फिर्याद?” त्यावर तो हसला. “काकू, गिऱ्हाईक पायऱ्या मोजणारच आहे. मी आधी मोजून दिल्या, इतकंच.” आम्हांस मात्र हसू आले नाही. आपल्या घराची अब्रू चहाच्या टपरीवर टांगली जात आहे, अशी काहीशी भावना मनात घर करून बसली होती. तरीही त्या कागदातील एकेक ओळ त्याने का लिहिली, हे त्याच्याकडून समजून घेतले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल. आपणांपैकी कोणाची मुले उद्या परगावी खोली शोधतील, तर कोणाच्या घरी आमच्यासारखीच एखादी वरची खोली असेल.

प्रथम अनामतीचे पाहू. या परिसरात ‘अॅडव्हान्स’ हा शब्द सर्रास वापरतात आणि बहुतेक भांडणांचे मूळ त्या एका शब्दात असते. ‘एक महिन्याचा अॅडव्हान्स’ म्हणजे पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, की भाड्याखेरीज ठेवून घ्यावयाची आणि शेवटी परत द्यावयाची रक्कम? मालक एक अर्थ मनात धरतो, विद्यार्थी दुसरा. आणि शेवटच्या महिन्यात विद्यार्थी म्हणतो, ‘माझा महिना भरलेलाच आहे,’ तर मालक म्हणतो, ‘तो तर पहिला महिना होता.’ म्हणून आमच्या विद्यार्थ्याने ‘अनामत’ हा एकच शब्द वापरून पुढे ‘ही भाड्यात वळती होत नाही’ असे स्पष्ट लिहिले. पैसे बँकेमार्फत पाठवावेत आणि पाठविताना शेऱ्यात ‘अनामत’ असेच लिहावे, हा त्याचा दुसरा नियम. रोख दिले तर पावती घ्यावी आणि पावतीवर भाडे व अनामत यांचे आकडे दोन वेगळ्या ओळींत असावेत.

परत करण्याची मुदत आणि कापण्याची कारणे या दोन गोष्टी ज्या कागदावर नाहीत, त्या कागदावरची अनामत निम्मी गेली असे समजावे, असे तो म्हणतो. कापणीचे सर्वांत लोकप्रिय कारण म्हणजे रंग. भिंत वापराने मळते. ती मळणे हा भाड्याचाच भाग आहे. भिंतीत खिळे ठोकून पोपडे पाडले तर गोष्ट वेगळी. हा फरक राहावयाच्या पहिल्याच दिवशी ठरतो, शेवटच्या दिवशी नव्हे. म्हणून खोली ताब्यात घेताना चारही भिंती, न्हाणीघर, खाट-कपाट आणि मीटरचा आकडा यांची छायाचित्रे भाडेकरू व मालक या दोघांच्या भ्रमणध्वनीत असली पाहिजेत.

अकरा महिन्यांच्या कराराविषयीही विचारले. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. ती यातायात टाळण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. परंतु ज्यांची मुले पुण्या-मुंबईस शिकावयास जाणार आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, महाराष्ट्रात ही पळवाट नाही. तेथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे अकरा महिन्यांचा करारही लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. ‘आमच्याकडे नोंदणीची पद्धत नाही’ असे तेथील मालक म्हणाला, तर ते पद्धतीचे नव्हे, कायद्याचे उल्लंघन होय.

आता विजेकडे वळू. पहिल्या जाहिरातीत आम्ही ‘सर्व सोयींनी युक्त’ असे लिहिले होते, त्यात वीज येऊन गेली असा आमचा समज. विद्यार्थ्याने आमची मागील बिले मागितली. त्यातून जे निघाले ते आम्हांसही नवे होते. मध्य प्रदेशात ज्या घराचा महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत असतो त्याला अटल गृह ज्योती योजनेखाली पहिल्या शंभर युनिटांसाठी सुमारे शंभरच रुपये पडतात. आमचा स्वतःचा वापर १४० युनिटांच्या आसपास. पण वरच्या खोलीचे साठ युनिट त्याच मीटरवर मिळविले की बेरीज दोनशेवर जाते आणि सवलत सगळीच हातची सुटते. म्हणजे भाडेकरूने जाळलेल्या साठ युनिटांमुळे मालकाचे स्वतःचे बिलही वाढते. मालक युनिटाला दहा-बारा रुपये लावतात त्यामागे केवळ लोभच असतो असे नाही; पुष्कळदा हा न सांगितलेला तोटा असतो. न सांगितल्यामुळे मात्र तो लुबाडणुकीसारखा दिसतो.

यावर खरा उपाय म्हणजे भाड्याच्या खोलीस वीज कंपनीचे स्वतंत्र मीटर घेणे. ते होईपर्यंत न्याय्य हिशेब असा : एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागावे. आमचे बिल २०० युनिटांस १,६०० रुपयांचे होते, म्हणून दर ८ रुपये लिहिला. सवलत गेल्याचे नुकसान आम्ही सोसावे, हे त्याने आम्हांकडून कबूल करवून घेतले. खोली देण्याचा निर्णय आमचा होता, भाडेकरूचा नव्हे.

लहान मीटर खरे चालते की नाही हे पाहण्याची त्याची रीत कोणासही करता येईल. प्रथम खोलीतील सर्व बटणे बंद करावीत. तरीही मीटरचा आकडा सरकत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल, तर दुसऱ्या कोणाची तार त्यावर जोडलेली आहे. मग पाणी तापविण्याचा एक हजार वॅटचा रॉड बादलीत सोडून सहा मिनिटे चालू ठेवावा. मीटर एक दशांश युनिट पुढे गेले पाहिजे. दोन दशांश गेले, तर मीटर दुप्पट धावत आहे. आमच्या मीटरची परीक्षा झाली व सुदैवाने ते उत्तीर्ण झाले. कूलरचा खर्चही त्याने कागदाच्या पाठीमागे मांडून दाखविला : १८० वॅटचा कूलर रात्री दहा तास चालला तर दिवसास १.८, महिन्यास ५४ युनिट, म्हणजे उन्हाळ्याच्या प्रत्येक महिन्यास ४३२ रुपये अधिक. ‘खोली तापते’ या दोन शब्दांची किंमत इतकी आहे आणि ती भाडेकरूस आधी कळलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट जाण्यायेण्याची. ‘चौकापासून पाच मिनिटे’ हे शब्द या धंद्यात जवळजवळ मंगलाचरणासारखे उच्चारले जातात. ती पाच मिनिटे दलालाच्या दुचाकीची असतात. आमचा विद्यार्थी चालत गेला, तोही पाठीवर पुस्तकांचे ओझे असल्यासारखा सावकाश, आणि नऊ मिनिटे लागली तर नऊ लिहिली. बसच्या थांब्यांविषयी तर तो फारच काटेकोर. इंदुरात २०१३ साली जलद बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाची संमती मिळाल्यावर ती काढून टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. तरीही ‘बी. आर. टी. एस. थांबा दोन मिनिटांवर’ असे छापलेले जुने कागद खांबांवर लोंबत राहिले. जो कागद थांब्याविषयी शिळा, तो भाड्याविषयीही शिळा असण्याचा संभव असतो. पुष्कळदा अशा कागदावरची खोली केव्हाच लागलेली असते. कागद केवळ गिऱ्हाइकाला दारापर्यंत ओढून आणण्यासाठी ठेवलेला असतो, आणि आल्यावर ‘ती तर कालच गेली, पण दुसरी दाखवितो’ हे ठरलेले वाक्य ऐकू येते. म्हणून कागदावर तारीख पाहावी आणि निघण्यापूर्वी त्याच खोलीविषयी नेमके विचारून घ्यावे. संध्याकाळचे शिकवणी-वर्ग असणाऱ्याने तर थांब्यापेक्षा रात्रीचे विचारावे : नऊनंतर काय मिळते, गल्लीत दिवे आहेत काय, पावसात पाणी साचते काय.

कागद टपरीच्या काचेवर लागला. त्याच्याच शेजारी दुसऱ्या एका दलालाचा कागद होता : ‘सर्व सोयी, भाडे फक्त ४,२००.’ परिणाम व्हावयाचा तोच झाला. पहिल्या आठवड्यात तीन कुटुंबे आमचा कागद वाचून शेजारच्या कागदाकडे गेली. खोली एकोणीस दिवस रिकामी राहिली. पाच हजारांच्या हिशेबाने हे ३,१६७ रुपयांचे नुकसान; ते येथे नमूद केलेच पाहिजे, कारण खरेपणा फुकट मिळतो असे आम्ही सांगू लागलो तर हा लेखही पहिल्या जाहिरातीसारखाच होईल. सौभाग्यवतींनी रोज सकाळी आमच्याकडे एकदा व वरच्या कुलुपाकडे एकदा पाहण्याचा क्रम ठेवला होता.

विसाव्या दिवशी बऱ्हाणपूरचे एक गृहस्थ आपल्या मुलासह आले. मुलगा याच चौकात शिकवणीस येणार होता. त्यांनी दोन्ही कागद पाहिले होते, इतकेच नव्हे तर शेजारच्या कागदावरील खोलीही पाहून आले होते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर टिपून आणले होते. तेथे वीज १२ रुपये युनिट, पाणी व सफाईचे महिना ३०० वेगळे, अंतर इतके की रोज ई-रिक्षाचे २० रुपये, दलाली पूर्ण एक महिन्याची आणि ‘अॅडव्हान्स’ दोन महिन्यांचा. ते जमाखर्चाच्या कामातले असावेत. आमच्याच ओसरीवर बसून त्यांनी अकरा महिन्यांची मांडणी केली. दोन्हीकडे महिना साठ युनिट वीज धरली आणि महिन्याचे चोवीस दिवस जाणेयेणे.

४,२०० रुपयांच्या खोलीचे भाडे ४६,२००, वीज ७,९२०, पाणी-सफाई ३,३००, रिक्षा ५,२८० आणि दलाली ४,२००. एकूण ६६,९०० रुपये, म्हणजे महिना सुमारे ६,०८०. आमच्या ५,००० च्या खोलीचे भाडे ५५,०००, वीज ५,२८०, पाणी-सफाई व रिक्षा काही नाही, दलाली २,५००; एकूण ६२,७८०, म्हणजे महिना सुमारे ५,७१०. काचेवर आठशे रुपयांनी महाग दिसणारी खोली अकरा महिन्यांत ४,१२० रुपयांनी स्वस्त निघाली. त्यातून कूलरच्या तीन महिन्यांची जादा वीज वजा केली तरी बाकी उरतेच. शिवाय तेथील ८,४०० च्या अनामतीतून परत किती येणार हे कोणी लिहून देत नव्हते. मग ते गृहस्थ मुलाकडे वळले : “पायऱ्या चौतीस आहेत आणि उन्हाळ्यात भट्टी होणार आहे. वाचलंस ना? नंतर तक्रार नको.” मुलाने मान डोलावली. कूलर घेऊनच ते आले.

आमच्या विद्यार्थ्याचा कागदही परिपूर्ण नव्हता. लग्नसराई सुरू झाली तशी मागील बाजूच्या मंगल कार्यालयातील वाजंत्री रात्री वरच्या खोलीत घुमू लागली. मुलाने वडिलांना कळविले, वडिलांनी दलालास. तो तसाच रात्री साडेदहाला येऊन खिडकीत उभा राहिला. “सर, मी दुपारी आलो आणि रात्री यायचं विसरलो,” असे म्हणून त्याने आपल्या वहीतील आमच्या खोलीच्या पानावर ती ओळ जोडली आणि आपल्या दलालीतले पाचशे रुपये मुलास परत केले. आम्हांला तेथे वर्षानुवर्षे राहून ते सांगण्याचे सुचले नव्हते. मुलगा राहिला, अकरा महिने पुरे झाले आणि तीनशे रुपयांच्या वाढीने दुसरा करारही झाला. या एका उदाहरणावरून सिद्धान्त काढण्याचा आमचा विचार नाही. पण पहिले तिघे का गेले, हे मात्र आता आम्हांस चंचल वृत्तीचा आधार न घेता सांगता येते. त्यांना जे जिना चढल्यावर आणि एप्रिल उजाडल्यावर कळले, ते याला कागदावरच कळले होते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. कागद लिहिताना विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते, “सर, शेवटच्या भाडेकरूला अनामत किती परत केली?” आम्ही म्हटले, “दिली की.” तो लेखणी उचलून थांबून राहिला. तेव्हा सांगावे लागले की, साडेचार हजारांतून दोन हजार रंगासाठी ठेवून घेतले होते. मुलगा पाचच महिने राहिला होता आणि रंग आम्ही मुळी काढलाच नव्हता. विद्यार्थ्याने त्यावर चकार शब्द काढला नाही. ‘रंगाचे कापले जाणार नाहीत’ ही ओळ तेवढी त्याने लिहिली आणि कागद आमच्यासमोर सहीसाठी ठेवला.

त्या ओळीखाली सही करणे आम्हांस सोपे गेले नाही. त्या रात्री जुनी वही काढून त्या मुलाचा क्रमांक शोधला आणि दुसऱ्या दिवशी दोन हजार रुपये बँकेमार्फत पाठविले. शेऱ्यात ‘अनामत’ असेच लिहिले. सायंकाळी त्याचे उत्तर आले : ‘मिळाले, सर.’ याहून अधिक त्याने काही लिहिले नाही आणि लिहावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांसही नव्हता.

तो कागद आता टपरीच्या काचेवर नाही. ठरल्याप्रमाणे खोली लागली त्याच दिवशी तो काढला गेला. त्याची एक प्रत आम्ही आमच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. निबंधात निम्म्याहून कमी गुण देताना आम्ही त्या मुलाच्या वहीवर काय शेरा लिहीत होतो, ते आम्हांस पुरते आठवते : ‘लेखन रुक्ष, वर्णनशक्ती वाढवावी.’